एका शॉकअपला किती ऑइल? शंभर सीसीच्या जुन्या गाडीचा माझा अनुभव

गाडीच्या पुढच्या शॉकअपमध्ये एका बाजूला किती मिली ऑइल लागतं, एवढंच मला हवं होतं. हा एक आकडा मिळवायला जेवढा त्रास झाला तेवढा शॉकअप उघडून परत बसवायलाही झाला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी गाडी शंभर सीसीची, सेकंडहँड घेतलेली. सोबत पुस्तक नव्हतं. आमच्या गावाहून आर्वीला जाणारा रस्ता काळ्या मातीतला. पावसात खचतो, उन्हाळ्यात भेगाळतो, आणि दर वर्षी त्याच ठिकाणी गिट्टी पडते. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की हँडल तीन-चारदा वरखाली नाचायचं, ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालायची. पाइपवर ऑइलचा ओला पट्टा नव्हता. म्हणजे सील शाबूत, पण आतलं ऑइल मेलेलं.

तालुक्याच्या गावातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दिली. त्यांनी साडेतीनशे मिलीची बाटली फोडली, अर्धी या पाइपात, अर्धी त्या पाइपात, आणि बाटली झटकून रिकामी केली. "दादा, किती टाकलं?" विचारलं तर म्हणाले, "बाटली दोन शॉकअपचीच येते जी, मापाचं काही काम नाही." गाडी घरी येईपर्यंत हँडल लाकडासारखं कडक झालं होतं. थोड्याच दिवसांत उजव्या पाइपवर ऑइलचं कडं दिसू लागलं, त्यावर धूळ बसून काळा गाळ झाला. जे सील आधी शाबूत होतं ते आता गळत होतं.

त्या गॅरेजमध्ये परत गेलो तर सीलचे पैसे वेगळे मागितले. मग सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "गाडी लावा, आम्ही टाकून देऊ." म्हटलं, टाका, पण किती मिली टाकणार ते सांगा. "ते मेकॅनिकला माहीत." मेकॅनिक म्हणाला, "ते सिस्टममध्ये असतं." सिस्टमसमोर बसलेला माणूस जेवायला गेला होता. तो आल्यावर म्हणाला, "आकडा कस्टमरला देत नाही आम्ही." का नाही देत, ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. स्पेअरच्या दुकानात गेलो तर तिथंही "एक बाटली, दोन शॉकअप." पेट्रोलच्या टाकीत किती लिटर मावतं हे कुणीही सांगतो, पण शॉकअपचा आकडा मात्र तिजोरीत ठेवल्यासारखा!

शेवटी आकडा मिळाला तो बाजाराच्या गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे. त्यांच्याकडे माझ्याच मॉडेलचं कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल होतं, कोपरे ऑइलनं पिवळे पडलेलं. त्यात एका शॉकअपचे दोन आकडे होते: नुसतं ऑइल काढून बदललं तर 140 मिली, पूर्ण खोलून पुसून कोरडं केलं तर 150 मिली. हा फरक का, तेही त्यांनी दाखवलं. पाइप उलटा केला तरी स्प्रिंगला, आतल्या रॉडला आणि तळाला थोडं ऑइल चिकटून राहतं. कोरडा करून 140 टाकलं तर कमी पडतं, न खोलता 150 टाकलं तर जास्त होतं.

बाटलीचा हिशोब तेव्हा लक्षात आला. 350 चं अर्धं 175. माझ्या शॉकअपमध्ये कमीत कमी 25 मिली जादा गेलं होतं. पंचवीस म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण पाइपाचा आतला व्यास 26 मिलिमीटर, म्हणजे दर 10 मिलीला ऑइलची पातळी जवळजवळ दोन सेंटिमीटर चढते. 25 मिलीनं ती पावणेपाच सेंटिमीटर चढली. ऑइलच्या वरची हवासुद्धा स्प्रिंगचंच काम करते. ती जागा कमी झाली की शॉकअप दबताना आतला दाब भराभर वाढतो, शेवटचा प्रवास होतच नाही, आणि तो दाब सीलवर निघतो. मिस्त्री म्हणाले, "बाटलीत ऑइल उरलं पाहिजे बाबू. नाही उरलं तर समज, गडबड झाली."

आता ऑइलच्या जाडीचं. मॅन्युअलमध्ये 10W फोर्क ऑइल लिहिलं होतं. आमच्याकडे सर्रास सांगतात, "ऊन पंचेचाळीस डिग्री, इंजिनचं वीस-चाळीस टाका, टिकते." हे करू नका. चाळीस डिग्री तापमानाला 20W40 इंजिन ऑइल हे 10W फोर्क ऑइलपेक्षा तिपटीहून जाड भरतं. रॉडच्या बारीक भोकांतून ते वेळेवर जात नाही. लागोपाठ खड्डे आले की शॉकअप पहिल्या खड्ड्यातून वर यायच्या आत दुसरा येतो, आणि गाडी दबलेलीच राहते. दुधाचे कॅन लादून रोज फिरणाऱ्याला 15W चालेल, त्यापुढे मी जाणार नाही. फोर्क ऑइलचे हे आकडे सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात, म्हणून अर्धी बाटली एकीची नि अर्धी दुसरीची असं करू नका.

खोलणं सोपं आहे. एक गोष्ट आधी सांगायला हवी होती: पाइप हँडलखालच्या 'टी'मध्ये घट्ट असतानाच त्याचा वरचा बोल्ट ढिला करा, बाहेर काढल्यावर पाइप नुसता हातात फिरतो. पूर्ण सोडताना तळहातानं दाबून धरा, खाली स्प्रिंग दबलेली असते. आमचं जुनं ऑइल राखाडी, गढूळ निघालं, बोटावर चोळलं तर कचकच लागली. ते मोजून तेवढंच परत टाकू नका, कारण आधी किती गळलं ते कळत नाही. पाइप सरळ आहेत का ते काचेवर घोळवून पाहिलं, स्प्रिंगची लांबी मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून घेतली, सील दोन्ही बाजूंचे नवीन घातले. स्प्रिंग दबून आखूड झाली असेल तर कोणत्याही ऑइलनं गाडी उचलणार नाही, ती बदलावीच लागते.

मोजायला मेडिकलमधून 50 मिलीची सिरिंज आणली. तीनदा भरली की 150, रेषेवर रेष. फवारणीच्या मापट्यावर एवढ्या बारीक खुणा नसतात. ऑइल टाकल्यावर पाइप सावकाश दहा-बारा वेळा वरखाली करा, अडकलेली हवा निघते, मगच स्प्रिंग टाका. दोन्ही बाजूंना सारखंच ऑइल हवं, आणि शंका आली तर स्प्रिंग काढून, पाइप पूर्ण दाबून, वरच्या काठापासून पातळी पट्टीनं मोजा. दोन्हीकडे सारखी आली पाहिजे.

बसवल्यावर पुढचा ब्रेक दाबून हँडल खाली रेटलं. खाली गेलं, एकदा वर आलं आणि थांबलं. नाचलं असतं तर ऑइल पातळ किंवा कमी, रेंगाळत आलं असतं तर जाड. मग पाइपवर एक रबर बँड चढवून आर्वीच्या रस्त्यानं गेलो. मोठ्या खड्ड्यानंतर बँड वरपर्यंत ढकलला गेला होता, पण शेवटाला दोन बोटं जागा होती. जास्त ऑइलच्या वेळी असाच बँड लावला असता तर तो बराच खाली थांबला असता.

150 हा माझ्या गाडीचा आकडा आहे, तुमचा वेगळा असेल. पण विचारताना दोन गोष्टी विचारा: हा आकडा एका शॉकअपचा की दोन्हींचा, आणि तो खोलून कोरडं केल्यावरचा की नुसतं ऑइल काढल्यावरचा. 350 च्या बाटलीत माझ्याकडे पन्नास मिली उरलं, ते झाकण घट्ट लावून पुढच्या वेळेसाठी ठेवलं आहे.