तुम्ही विचारलंत म्हणून: मीममध्ये दुकानाची जागा कुठली?

"एखादं मीम सगळीकडे फिरत असतं तेव्हा वाटतं, आपल्या दुकानासाठीही करावं. पण केलं की ते ओढूनताणून आणल्यासारखं दिसतं. नेमकं कुठे चुकतं?"

बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. मीममधली सगळ्यात देखणी जागा दुकानदार स्वतःसाठी राखून ठेवतो. मी छोट्या व्यवसायांची सोशल मीडियाची पानं सांभाळते आणि सुरुवातीची कितीतरी मीम मीही अशीच केली आहेत. चित्र लोकांच्या ओळखीचं, पण आत दडलेली जाहिरात पहिल्या नजरेत दिसायची, आणि ती दिसली की हसू यायच्या आधीच अंगठा पुढे सरकायचा.

म्हणून आता मी आधी मीमवरचा सगळा मजकूर पुसते आणि नुसतं चित्र वाचते. कोण चुकतंय, कोणाला हवंसं वाटतंय, कोणावर अन्याय होतोय, एवढंच बघायचं. प्रत्येक टेम्प्लेटमध्ये अशा ठरलेल्या जागा असतात. त्या मजकुराने बदलत नाहीत.

'डिस्ट्रॅक्टेड बॉयफ्रेंड' सगळ्यांनी पाहिलंय, तेच घेते. एक तरुण मैत्रिणीबरोबर चाललाय, पण मान वळवून शेजारून गेलेल्या लाल कपड्यांतल्या मुलीकडे बघतोय, आणि मैत्रीण त्याच्याकडे अवाक होऊन पाहतेय. हा फोटो अंतोनियो गिएम या स्पॅनिश छायाचित्रकाराने 2015 मध्ये स्टॉक फोटो म्हणून काढला होता. 2017 मध्ये लोक तिघांवर नावं लिहू लागले आणि तो जगभर गेला. यातला विनोद मधल्या माणसाचा आहे. तो चुकतोय, आणि आपणही असेच चुकतो, हे पटतं म्हणून हसू येतं. लाल कपड्यांतली मुलगी तर फोटोत धूसर आहे. तिला स्वभाव नाही, ती फक्त मोह आहे.

आता दुकानदार साधारण काय करतो? मधल्या माणसावर 'ग्राहक' लिहितो, मैत्रिणीवर 'इतर दुकानं' आणि लाल कपड्यांवर स्वतःच्या दुकानाचं नाव. वरवर बरोबर वाटतं. पण चित्र काय म्हणतं ते ऐका: ग्राहक बेइमान आहे, आणि आमचं दुकान म्हणजे त्याचा चुकीचा मोह. दुकानदाराला म्हणायचं असतं भलतंच. शब्द एक सांगतात, चित्र दुसरं, आणि बघणाऱ्याला नेमकं बोट ठेवता आलं नाही तरी काहीतरी बिनसलंय हे जाणवतं. आपण ज्याला ओढूनताणून म्हणतो ते मला तरी बहुतेक वेळा हेच सापडलंय.

मोठ्या कंपन्याही यात अडकतात. स्वीडनमधल्या बानहोफ या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने 2018 मध्ये नोकरभरतीसाठी हेच मीम वापरलं. मधला माणूस म्हणजे 'तुम्ही', मैत्रीण म्हणजे 'तुमची सध्याची नोकरी' आणि लाल कपड्यांतली मुलगी म्हणजे बानहोफ. तिथल्या जाहिरात लोकपालाने ही जाहिरात स्त्रियांना कमी लेखणारी ठरवली, कारण त्यात बायका एकीच्या जागी दुसरी घ्यावी अशा वस्तूंसारख्या दाखवल्या होत्या. मित्रांच्या ग्रुपवर कोणी हे मीम टाकलं तर त्याच्याकडे एक गंमत म्हणून बघितलं जातं. तेच धंद्याच्या नावाखाली आलं की ते त्या धंद्याचं म्हणणं होतं. नावं लिहिली म्हणून खालचं चित्र पुसलं जात नाही.

मग हे टेम्प्लेट वापरायचंच नाही का? एका सायकल दुरुस्तीच्या दुकानासाठी मी ते वापरलं होतं, ती गोष्ट सांगते.

मालकांनी पहिल्यांदा सुचवलेलं मीम वर सांगितल्यासारखंच होतं, लाल कपड्यांवर दुकानाचं नाव. मी त्यांना मीमबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं एवढंच, की लोक दुकानात येऊन असं काय करतात की तुम्हाला मनातल्या मनात हसू येतं? ते लगेच म्हणाले, "नवीन सीट बघत बसतात आणि ब्रेकचं रबर पार झिजलेलं असतं. सांगितलं तर म्हणतात, ब्रेक लागतो की, फक्त जरा आवाज येतो." मीम तिथेच तयार झालं होतं. मधला माणूस: सायकलवाला. मोह: नवीन मऊ सीट. अन्याय झालेली बाजू: झिजलेलं ब्रेक रबर. दुकान या चित्रात कुठेच नाही. पण हे ज्याला सुचलं तो सायकली रोज हातात घेणारा माणूस आहे, हे लगेच कळतं. मला वाटतं, छोट्या व्यवसायाची ओळख अशीच दिसावी. ती लोगोत असतेच असं नाही. आपल्या कामातलं असं काही माहीत असणं, जे बाहेरच्याला सुचणार नाही, तिथे ती जास्त असते.

तरी ती दोन बायकांची तुलना चित्रात उरतच होती. शिवाय स्टॉक फोटो धंद्यासाठी वापरायचा तर परवाना लागतो, आणि मीम म्हणून गावभर फिरला म्हणजे फोटो फुकट झाला असं नसतं. म्हणून आम्ही मूळ फोटो घेतलाच नाही. दुकानातल्याच तीन सायकली तशाच मांडणीत उभ्या केल्या. मधल्या सायकलचं हँडल पूर्ण वळवून पुढच्या, नव्या सीटच्या सायकलकडे केलं, जशी मान वळावी तसं. मागे तिसरी, जुनी, पुढचा ब्रेक कॅमेऱ्याकडे करून. फोन कंबरेच्या उंचीवर धरला आणि पुढची सायकल थोडी धूसर ठेवली, मूळ फोटोसारखी. मांडणी इतकी ओळखीची आहे की तीन सायकली बघूनही लोकांना ते मीम कळतं. आणि ते स्वतः ओळखण्यातही एक आनंद असतो, तो बघणाऱ्याला द्यावा.

मजकूर मात्र तीन वेळा बदलला. पहिल्या खर्ड्यात मालकांनी तिसऱ्या सायकलवर लिहिलं होतं: 'वेळेवर ब्रेक रबर बदला, सुरक्षित राहा'. हे नाव नाही, ही सूचना आहे, आणि सूचना आली की मीमचं पोस्टर होतं. दुसऱ्यांदा 'दुर्लक्षित ब्रेक रबर' लिहिलं. ते बरं होतं, पण 'दुर्लक्षित' हे चित्र आधीच सांगतंय, मग शब्दात पुन्हा कशाला? शेवटी ग्राहकाचंच वाक्य ठेवलं: 'फक्त जरा आवाज येतो'. हे वाक्य कधीतरी म्हटलेल्या प्रत्येक माणसाने तिथे स्वतःला ओळखलं. चित्रावर फोन नंबर नाही, 'आजच भेट द्या' नाही. खालच्या ओळीत फक्त उपयोगाची गोष्ट लिहिली: रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर ते बदलायची वेळ झाली आहे, आणि ब्रेक दाबल्यावर खरखर येत असेल तर रबरात खडा किंवा धातूचा कण रुतलाय का ते बघा, तो रिम ओरखडत जातो. ज्याला दुकान हवंय त्याला पानाचं नाव वर दिसतंच.

टाकण्याआधी मी दोन गोष्टी करून बघते. एक, सगळी नावं तशीच ठेवून मनातल्या मनात तो फोटो चष्म्याच्या दुकानाच्या पानावर टाकते. तिथेही चालला तर तो आपला नाही. 'फक्त जरा आवाज येतो' चष्म्याच्या दुकानात चालत नाही. 'स्वस्त पर्याय' विरुद्ध 'दर्जा' असलं काही लिहिलं असतं तर कुठेही चाललं असतं. दुसरी, हे मीम माहीत नसलेल्या एखाद्या ग्राहकाला दाखवते. त्याला विनोद कळला नाही तरी हरकत नाही, पण त्याला टोमणा लागता कामा नये. सायकलच्या वेळी दुकानात काम करणाऱ्या पोरालाही दाखवलं. त्याने एक चूक काढली, जी मला कधीच दिसली नसती: तिसऱ्या सायकलचं रबर खरं तर नवं होतं! कालच बदललं होतं. मग खरंच झिजलेलं रबर बसवून पुन्हा फोटो काढला. सायकलवाल्यांनी ते नक्की हेरलं असतं.

अगदी नवं मीम असेल तर मी आणखी एक पायरी ठेवते. ते कुठून आलं हे शोधल्याशिवाय हात लावत नाही. 2014 मध्ये #WhyIStayed या हॅशटॅगखाली स्त्रिया घरात मारहाण होऊनही त्या नात्यात का राहिल्या ते सांगत होत्या. डिजॉर्नो या पिझ्झा कंपनीने न वाचता तिथे पिझ्झाचा विनोद टाकला, आणि नंतर तो काढून माफी मागावी लागली. तुम्हाला पहिल्यांदा दिसलेली पोस्ट बहुधा कोणीतरी केलेली नक्कल असते. मागे जात जात पंधरावीस जुन्या पोस्ट वाचल्या की मुळात दुःख आहे, कोणाची थट्टा आहे की नुसती गंमत, ते कळतं. चालू गाण्यावरचं मीम असेल तर इन्स्टाग्रामच्या बिझनेस अकाउंटला ते गाणं बऱ्याचदा मिळतच नाही. ते दुसरीकडून उचलून जोडण्यापेक्षा मी तो ट्रेंड सोडून देते.

सोडून देणं मला आता जड जात नाही. जागा वाचल्या, ग्राहकाची कुठलीच खरी गोष्ट त्यांत बसेना, तर दहा मिनिटांत विषय बंद. जे टेम्प्लेट कित्येक वर्षं टिकलंय त्याला घाई नसते. दोन दिवसांचं नवं टेम्प्लेट असेल तर त्याच्या जागा लोकांमध्येच अजून पक्क्या झालेल्या नसतात, त्यामुळे ते चुकायची शक्यताही जास्त.

पोस्ट जमली की नाही, हे लाइकवरून मला कधी नीट कळलं नाही. मी प्रतिक्रिया वाचते. 'अरे हे मीम अजून चालतं?' असं लोक लिहीत असतील तर त्यांनी फक्त टेम्प्लेट पाहिलं. सायकलच्या पोस्टखाली एकाने मित्राला टॅग करून लिहिलं होतं, "तुझा आवाज इथपर्यंत येतोय." त्या आठवड्यात मालकांनी मला सांगितलं, दोघंतिघं आले, सायकल स्टँडवर लावली आणि काही बोलायच्या आधी स्वतःच म्हणाले, "फक्त जरा आवाज येतोय."