सहाशे आठ हप्ते

गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला मी एरवी दोनच आकड्यांसाठी बघते. वर्षभरात व्याज किती गेलं, ते कलम २४ मध्ये. मुद्दल किती फिटलं, ते ८०सी मध्ये. जुलैत राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात रिटर्न भरणाऱ्यांची गर्दी असते, त्याहून जास्त बघायला वेळ नसतो. जुलै २०२३ मध्ये मात्र शिरोली एमआयडीसीतल्या एका टर्नरचा दाखला मी दोनदा वाचला.

त्यावर २०२२-२३ या वर्षाचं व्याज होतं १,९६,६०५ रुपये आणि मुद्दल ३१,५०३. मागच्या वर्षीचं रिटर्न उघडून बघितलं. कर्ज नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेलं, म्हणून त्या वर्षी पाचच हप्ते गेले होते, आणि त्या पाचांत २५,०१२ रुपये मुद्दल फिटलं होतं. मग पुढच्या बारा हप्त्यांत फक्त साडेएकतीस हजार?

"दादा, मधे हप्ते चुकले काय?"

"एक न्हाई ओ ताई. पाच तारखेला कापून जातोय. आणि हप्ता बी वाढलेला न्हाई, तेवढाच हाय. एकोणीस हजार नऊ रुपये."

हप्ता तेवढाच, हे ते समाधानानं सांगत होते. माझी शंका तिथंच पक्की झाली.

कळंब्याला घेतलेल्या फ्लॅटसाठी २५ लाखांचं कर्ज, मुदत २० वर्षं म्हणजे २४० हप्ते. व्याजदर बदलता, रेपो दर अधिक पावणेतीन टक्के. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते, तो दर. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जं अशा बाहेरच्या दराशी बांधावी लागतात, आणि बहुतेकींनी त्यासाठी रेपोच धरला. कर्ज घेतलं तेव्हा रेपो ४ टक्के होता, म्हणून यांचा दर ६.७५. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं रेपो वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५० वर नेला. यांच्या बँकेत दर तीन महिन्यांनी दर बदलून लागतो, त्यामुळं एप्रिल २०२३ पासून यांना ९.२५ टक्के लागू झाले होते. मेसेज सगळे आले होते. इंग्रजीत होते, आणि जाहिराती समजून त्यांनी ते पुसले होते.

दर अडीच टक्क्यांनी वाढला आणि हप्ता जागचा हलला नाही, तर फरक कुठंतरी निघणारच. तो मुदतीतून निघत होता. मंजुरीपत्रात तसं कलम होतं: दर बदलल्यास हप्ता कायम ठेवून मुदत कमी-जास्त करण्याचा अधिकार बँकेला राहील.

मी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडं सरकवला. हिशेब त्यांनाच करू दिला, कारण तो सातवीच्या सरळव्याजाइतकाच आहे. शिल्लक मुद्दल गुणिले वार्षिक दर, भागिले बारा, म्हणजे त्या महिन्याचं व्याज. हप्त्यातून ते वजा करून उरेल तेवढंच मुद्दल फिटतं. पहिल्या महिन्यात २५ लाखांवर ६.७५ टक्क्यांनी व्याज झालं १४,०६३ रुपये, म्हणजे मुद्दलाला ४,९४६ मिळाले. एप्रिल २०२३ मध्ये शिल्लक २४,४३,४८५ रुपये आणि दर ९.२५. व्याज १८,८३५.

"मग मुद्दलाला?"

"एकशे चौऱ्याहत्तर."

ते पडद्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे जॉब फिरतोय, पण टूल कट घेत न्हाई."

मी सहसा कुणाबरोबर बँकेत जात नाही. माझं काम रिटर्नपुरतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत गेले, कारण मी काढलेल्या मुदतीवर माझाच विश्वास बसत नव्हता. कर्ज बघणारे अधिकारी तरुण आणि बोलायला नीट होते. खातं उघडून त्यांनी पडदा आमच्याकडं वळवला. उरलेले हप्ते: ६०८.

मूळ वेळापत्रकाप्रमाणं जूनअखेर वीस हप्ते जाऊन २२० उरायला हवे होते. ६०८ हप्ते म्हणजे ५० वर्षं ८ महिने. दादांचं वय ४१, तेव्हा शेवटचा हप्ता ब्याण्णवाव्या वर्षी. आणि निवृत्ती साठाव्या! अधिकारी म्हणाले, वयाची आणि मुदतीची मर्यादा कर्ज मंजूर करताना तपासली जाते. नंतर दर बदलला की सिस्टीम आपोआप मुदत ताणते, आणि मर्यादा ओलांडलेल्या खात्यांची यादी वरून येते, ती यायची आहे. ते खोटं बोलत नव्हते. पण ६०८ हा आकडा अडवायला मधे एकही माणूस नसावा, हे मला आजही पटत नाही.

इथं एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. दर आणि मुदत सारख्या चालीनं वाढत नाहीत. व्याज हप्त्याच्या जितकं जवळ जातं, तितकी मुदत पिसाळते. याच खात्यात हप्ता न बदलता दर ७.६५ झाला तेव्हा उरलेले हप्ते २७४ झाले, ८.६५ ला ३६८, ९ टक्क्यांना ४४८, आणि शेवटच्या पाव टक्क्यानं थेट सहाशेच्या वर. रेपो आणखी पाव टक्का वाढला असता, तर महिन्याचं व्याज १९,३४० झालं असतं. हप्ता १९,००९. मग सगळे हप्ते वेळेवर भरूनही कर्ज दर महिन्याला सव्वातीनशे रुपयांनी वाढत गेलं असतं, आणि मुदत नावाची गोष्टच उरली नसती.

हीच चाल उलटीही चालते, आणि ग्राहकाला ती कुणी सांगत नाही. हप्ता फक्त एक हजारानं वाढवला, तर ६०८ चे ३६९ होतात. हजार रुपयांत वीस वर्षं कमी! वहिनी आल्या होत्या, त्यांनी हा आकडा मला परत काढायला लावला. बरोबरच केलं.

मूळ मुदतीत, २२० हप्त्यांतच कर्ज संपवायचं, तर हप्ता २३,०९६ रुपये करावा लागणार होता. चार हजार जास्त. हातात येणारा पगार अठ्ठेचाळीस हजार, पोरगी डिप्लोमाला. दादा म्हणाले, दोन हजार कसेबसे निघतील.

मग वहिनींनी पतसंस्थेतल्या ठेवीचं नाव काढलं. दोन लाख, त्यांच्याच नावावर, दिवाळीत मुदत संपणार. ठेवीवर मिळणारं व्याज कर्जाच्या सव्वानऊ टक्क्यांपेक्षा कमी होतं, तेव्हा मुदतीआधी मोडून थोडं व्याज बुडालं तरी सौदा वाईट नव्हता. मी एवढंच विचारलं, अडीअडचणीला आणखी काही आहे का. दादांच्या कंपनीच्या सोसायटीत थोडी शिल्लक होती. ती नसती, तर मी ठेव मोडू नका म्हटलं असतं. दवाखान्याचा खर्च आला की बँक भरलेलं मुद्दल परत देत नाही.

दोन लाख भरून हप्ता तोच ठेवला असता, तर ३१३ हप्ते उरले असते. दोन लाख भरून हप्ता २१,२०५ केला, की २२० हप्त्यांत कर्ज संपत होतं. तेच ठरलं. घरासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतीआधी पैसे भरण्याचा दंड बँक लावू शकत नाही, तेव्हा तिथं काही कापलं जाणार नव्हतं.

अर्ज मात्र मी स्वतः लिहून दिला. नुसतं "दोन लाख जमा करून घ्यावेत" असं लिहिलं, की पुढं काय करायचं हे सिस्टीम ठरवते. म्हणून दोन लाख मुद्दलात जमा करावेत, हप्ता २१,२०५ करावा, उरलेले हप्ते २२० ठेवावेत आणि सुधारित वेळापत्रक छापून द्यावं, असं चारही स्पष्ट लिहिलं. एक अडचण अधिकाऱ्यांनीच लक्षात आणून दिली. दादांचा पगार दुसऱ्या बँकेत जमा होतो आणि हप्ता तिथून मँडेटनं ओढला जातो. त्या मँडेटवर कमाल रक्कम वीस हजार होती. ते बदललं नसतं, तर वाढलेला पहिलाच हप्ता परत गेला असता, वर दंड आणि सिबिलवर डाग. नवं मँडेट पंचवीस हजारांचं करून घेतलं.

पुढं १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक निघालं. दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, दोन्ही थोडं थोडं करायचं की काही रक्कम आधी भरायची, हे ग्राहकाला विचारावं; बँकेच्या धोरणानुसार स्थिर दरावर जाण्याचा पर्यायही द्यावा; मुदत इतकी ताणू नये की व्याजही हप्त्यात बसणार नाही; आणि दर तिमाहीला विवरण द्यावं, ज्यात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असेल. जुन्या कर्जांनाही हे ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करायचं होतं. तेव्हापासून गृहकर्ज असलेल्या प्रत्येकाकडून मी दाखल्याबरोबर हे विवरणही मागते.

दर उतरायला लागल्यावर प्रश्न उलटा झाला. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.५० वर आला आणि जुलैपासून दादांचा दर ८.२५ झाला. या वेळी बँकेनं विचारलं होतं, मराठीत. हप्ता १९,९०० करून १९६ हप्ते ठेवायचे, की हप्ता २१,२०५ च ठेवून १७३ हप्त्यांत संपवायचं. वहिनींना तेराशे रुपयांचा मोह होता. मी दोन्हींची बेरीज मांडली. हप्ता तोच ठेवला तर एकूण २ लाख ४० हजारांच्या आसपास कमी जात होते. पण हे नियम म्हणून मी सांगत नाही. पोरीची फी अजून चालू असती तर तेराशे रुपये महिना त्यांना जास्त कामाचे होते. तिला जूनमध्येच नोकरी लागली होती. हप्ता तोच ठेवला.

ऑक्टोबरमध्ये दादांनी तिमाही विवरणाचा फोटो पाठवला. उरलेले हप्ते १७०. खाली लिहिलं होतं, "ताई, बरोबर हाय न्हवं?" बरोबर होतं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तीन गेले होते.