बोर्ड गेला नव्हता, वाट पाहायची राहिली होती

बॅटरी पूर्ण उतरल्यावर फोन चालू होत नाही, ही तक्रार आम्हा दुरुस्ती करणाऱ्यांकडे नेहमीच येते, तरीही गेल्या आठवड्यातला एक फोन अजून माझ्या डोक्यातून जात नाही. बराच काळ कपाटात पडून राहिलेला हा फोन दुसऱ्या एका दुकानाने ‘बोर्ड गेला’ म्हणून परत केला होता. मालकांचे म्हणणे असे की, रात्रभर चार्जिंगला लावूनही पडदा काळाच राहतो, आणि चार्जर तर घरातल्या दुसऱ्या फोनवर चालतो.

बॅटरी फुगलेली नाही याची खात्री करून मी त्यांच्याच केबलच्या फोनकडच्या टोकाला यूएसबी मीटर लावला. त्यावर ५ व्होल्ट आणि ०.०७ अँपिअर दिसले. आकडा शून्य असता तर केबल, पोर्ट किंवा बॅटरीच्या जोडणीकडे पाहावे लागले असते. ०.०७ वरून बोर्ड ठणठणीत आहे असे सिद्ध होत नाही, पण थांबून पाहण्याइतका आधार नक्कीच मिळतो, कारण लिथियम सेल साधारण ३ व्होल्टच्या खाली गेला की चार्जिंगचा आयसी त्याला सांभाळून, मुद्दाम अगदी थोडा प्रवाह देतो. या काळात पडद्यावर बॅटरीचे चिन्हही उमटत नाही, आणि अधीर होऊन बटण दाबत राहिल्यास हाती काहीच लागत नाही.

सुमारे २५ मिनिटांनी प्रवाह एकदम वाढला आणि त्याच क्षणी व्होल्टेज ४.३ पर्यंत कोसळले. पडदा किंचित उजळून विझला आणि प्रवाह पुन्हा खाली आला. थोड्या वेळाने पुन्हा तेच झाले. खरा दोष इथे सापडला. केबलची तार आतून कमकुवत झाली होती, त्यामुळे थोडा प्रवाह ती वाहून नेत होती, पण फोन जागा होऊ लागताच कमी पडत होती. दुसऱ्या फोनवर चार्जिंगचे चिन्ह दिसते एवढ्यावरून केबल चांगली ठरत नाही, हे लोकांना समजावणे फार अवघड जाते. तिथे प्रवाह किती जातो हे कोणी पाहतच नाही.

केबल बदलताच १.३ अँपिअर स्थिर मिळू लागले, तरी पडदा काळाच होता. आणखी १५ मिनिटे थांबून, चार्जर लावलेलाच ठेवून, मी पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र दाबून धरले. त्या मॉडेलला सक्तीने रीस्टार्ट करण्याची हीच पद्धत आहे. दहा-बारा सेकंदांनी फोन थरथरला आणि कंपनीचे चिन्ह उमटले. हेच आधी, सेल रिकामा असताना केले असते तर काहीही झाले नसते, कारण अडकलेली प्रणाली रीस्टार्टने सुटते, रिकामा सेल भरत नाही.

मीटर न लावता बोर्डावर ठपका ठेवणाऱ्या त्या कारागिराचा मला राग येतो. मालकांना मी फोन आणि नवी केबल दिली, पण बॅटरीची हमी दिली नाही. इतका खोल उतरलेला सेल पुन्हा भरला तरी त्याची क्षमता घटलेली असू शकते, म्हणून तो पुढे किती तास टिकतो आणि चार्जिंग करताना तापतो का, हे पाहून मला कळवायला सांगितले आहे.