अक्कलदाढ काढल्यावर पोटात काय घालायचं?

“दाढ काढल्यावर चार दिवस पेज आणि आइस्क्रीमवर काढले तर चालेल का? अंगात ताकद कशी राहील?”

पहिल्या दिवशी चालेल. दुसऱ्या दिवसापासून नाही. पेजेत आणि वरणाच्या पाण्यात पाणीच जास्त असतं. आइस्क्रीममध्ये साखर आणि स्निग्धांश असतात, प्रथिनं थोडीच. जखम भरायला प्रथिनं हवीतच. 60 किलो वजनाच्या माणसाला रोजची सुमारे 50 ग्रॅम लागतात, आणि चावता येत नाही म्हणून ही गरज कमी होत नाही.

म्हणून मी सांगते, पदार्थ पातळ करू नका, मऊ करा. अर्धी वाटी मुगाची डाळ कुकरमध्ये गाळ शिजवून मिक्सरमधून फिरवा आणि दिवसभरात दोनदा घट्टच घ्या, त्यातून 12 ग्रॅम तरी मिळतात. सोबत मऊ गुरगुट्या भात, शितं पूर्ण घोटून, आणि वर चमचाभर तूप, कारण एवढ्याशा घासात उष्मांक तुपानेच वाढतात. फोडणी मात्र नुसत्या तूप-हिंगाची. मोहरी-जिरं खड्ड्यात जाऊन बसतं आणि निघता निघत नाही. तीळ, खसखस, शेंगदाण्याचं कूट हेही तसेच.

सकाळी पेलाभर दुधात दोन चमचे दूध पावडर नीट विरघळवली की 12 ग्रॅमच्या आसपास होतात. दुपारी वाटीभर चक्का थोडी पिठीसाखर घालून, त्याचे साधारण 9. संध्याकाळी दोन अंडी दुधात फेटून मंद आचेवर अगदी मऊ हलवलेली, म्हणजे आणखी 12. अंडं खात नसाल तर ताजं मऊ पनीर वरणातच फिरवून घ्या, चव बिघडत नाही. भाताचे थोडे धरले की हिशेब जवळपास पुरा होतो. मधल्या वेळेला कुस्करलेलं केळं किंवा नाचणीची गाळलेली आंबील घ्या.

पहिल्या दिवशी सगळं गार किंवा कोमटच खा. गरम खाल्लं की रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं. आणि स्ट्रॉ अजिबात नको, दूधसुद्धा वाटीनेच प्या. ओढून प्यायल्याने खड्ड्यातली रक्ताची गुठळी सुटू शकते, आणि ती सुटली की खालचं हाड उघडं पडतं. त्याची खूण अशी: कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढतं, कानापर्यंत ठणकतं, तोंडाला वास येतो. तेव्हा खाण्यात बदल करत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.

वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका, आधी वाटीभर वरण-भात खा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचा हा हिशेब तुमच्यासाठी नाही, तो तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.