सोमवारच्या गोळ्या

मी जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्याच्या औषध विभागात फार्मासिस्ट आहे. त्या दिवशी संधिवाताच्या एक काकू मेथोट्रेक्सेटच्या पाकिटातला कागद उलगडून खिडकीशी आल्या. मुलाने तो वाचला होता. त्यात कॅन्सरचं नाव दिसल्यापासून घरात सगळे घाबरले होते आणि गोळी घ्यायची की नाही, हेच ठरत नव्हतं.

तो कागद मुळात डॉक्टरांसाठी लिहिलेला असतो. बारीक इंग्रजी अक्षर, आणि महत्त्वाचं व किरकोळ सगळं एकाच ओळीत. मी त्यातून काकूंपुरती अर्ध्या पानाची मराठी चिठ्ठी करायला घेतली.

उपयोग एका ओळीत लिहिला: "सांध्यांची सूज आणि झीज रोखण्यासाठी. कॅन्सरमध्ये हेच औषध खूप मोठ्या मात्रेत देतात, तुमची मात्रा त्याच्या तुलनेत फार लहान आहे."

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो मात्रेने. डॉक्टरांनी आठवड्याला १५ मिलिग्रॅम लिहिलं होतं, म्हणजे साडेसात मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. बाकीची औषधं रोजची असल्यामुळे हीसुद्धा चुकून रोज घेतली जाते. मग रक्तातल्या पेशी घटतात, तोंड सोलवटतं, जिवावर बेतू शकतं. म्हणून "आठवड्यातून एकदा" एवढ्यावर मी थांबले नाही. "फक्त सोमवारी, रात्री जेवणानंतर, दोन गोळ्या. इतर कोणत्याही दिवशी नाही" असं ठळक लिहिलं. फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी गुरुवारी सांगितलं होतं, ते वेगळ्या रकान्यात टाकलं.

दुष्परिणामांपाशी मी अडले. मळमळ, थकवा, थोडे केस गळणं हे "नेहमी होऊ शकतं" मध्ये गेलं. तोंडातले फोडही कागदावर त्याच यादीत होते. पण या औषधात ते विषबाधेची पहिली खूण असू शकतात, म्हणून मी ते उचलून "डॉक्टरांना लगेच फोन करा" मध्ये नेले. तिथे ताप किंवा घसादुखी, कोरडा खोकला व धाप, अंगावर काळेनिळे डाग, डोळे पिवळे होणं हेही घातलं. जुलाब-उलट्या झाल्या तरी फोन का करायचा, तेही लिहिलं: अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड औषध नीट बाहेर टाकत नाही आणि ते अंगात साचतं.

शेवटी मी काकूंना सांगितलं, "आता तुम्ही मला समजावून सांगा." त्यांनी वार बरोबर सांगितला, गोळ्याही. मग म्हणाल्या, "ताप आला तर गल्लीतल्या डॉक्टरकडून अँटिबायोटिक घेईन, ताई."

हे चिठ्ठीत नव्हतंच. ट्रायमेथोप्रिम असलेलं कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक मेथोट्रेक्सेटबरोबर घेतलं, तर रक्तपेशी धोकादायकरीत्या खाली येऊ शकतात. मी तळाशी आणखी एक ओळ घातली: "दुसरं कुठलंही औषध घेण्याआधी ही चिठ्ठी दाखवा." मग त्यांच्याकडून पुन्हा सगळं म्हणवून घेतलं आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीख खाली लिहून दिली.