हॅज की नुसतं वर्क्ड?

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा निरोप शाळेकडून आला. खरं तर स्नेहसंमेलनं, मधल्या सुट्टीतला बटाटेवडा, मैदानावरची कवायत यांवर लिहायला हवं. पण कागद पुढे घेतला की मला आठवी ते दहावी इंग्रजी शिकवणारे आपले सरच दिसतात. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की कोण, हे त्या काळच्या सगळ्यांना माहीत आहे. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. त्यामुळे आठवीत सरांच्या हाती आलो तेव्हा आमच्या डोक्यात एकच सूत्र पक्कं होतं: मराठीत ‘आहे’ दिसलं की हॅज किंवा हॅव, ‘होता’ दिसलं की हॅड आणि काहीच नसलं की साधा भूतकाळ. सरांनी पहिल्याच आठवड्यात ते मोडलं. फळ्यावर वाक्य लिहिलं, ‘काल आम्ही राणीच्या बागेत गेलो होतो.’ सगळ्या वर्गाने एका सुरात ‘वी हॅड गॉन’ म्हटलं. सर म्हणाले, ‘बरं, गेला होतात. मग पुढे काय झालं?’ पुढे काहीच झालं नव्हतं. तेव्हा त्यांनी सांगितलं, की मराठी माणूस ‘गेलो होतो’ म्हणतो ते जाऊन परतही आलो, गोष्ट मागे पडली, एवढंच सुचवायला. इंग्रजीतलं हॅड मात्र पाठीमागून येणारी दुसरी घटना मागतं. ‘आम्ही बागेत गेलो होतो, तेवढ्यात मामा घरी आले’ असं असेल तर हॅड गॉन. नुसतं काल गेलो होतो, तर ‘वी वेंट’.

‘आहे’ची गंमत याहून अवघड. ‘मी त्यांना 1975 साली भेटलो आहे’ हे मराठीत कोणालाही खटकत नाही. इंग्रजीत साल आलं की हॅव गेलं, कारण ‘कधी’चं उत्तर वाक्यातच मिळालं आणि ती वेळ संपलेली आहे. उलट, स्टॉपवर उभे असताना आपण ओरडतो, ‘बस आली!’ त्यात ‘आहे’ कुठेच नाही, पण बस समोर उभी आहे, म्हणून ‘द बस हॅज कम’. शेजारच्या काकू दारातून विचारतात, ‘जेवलास का रे?’ त्यांना जेवणाची वेळ नको असते, तुझं पोट आत्ता भरलेलं आहे का एवढंच हवं असतं. म्हणून ‘हॅव यू हॅड युअर लंच?’ अमेरिकन लोक इथे सर्रास ‘डिड यू’ म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. सरांची इंग्रजी विलायती वळणाची होती.

त्यांची रीत अशी, की वाक्याचा शेवट झाकायचा आणि दोन प्रश्न विचारायचे. ‘कधी?’ याचं उत्तर वाक्यात किंवा बोलणाऱ्याच्या मनात ठरलेलं असेल, तर साधा भूतकाळ. ते नसेल तर ‘मग आता काय?’ याला काही उत्तर असेल, तर हॅज-हॅव.

आता ज्या प्रसंगासाठी लिहायला बसलो, तो. 1982 ची दिवाळी होऊन गेली होती, मी नववीत होतो. जानेवारीपासून गिरण्या बंद होत्या. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचे वडील घरी होते, किंवा गावाला गेले होते. सरांनी फी माफीचा अर्ज इंग्रजीत लिहायला दिला होता, सरावासाठी म्हणून. मी आधी मराठीत लिहिलं, ‘माझ्या वडिलांनी गिरणीत बावीस वर्षं काम केलं आहे’ आणि त्याखाली इंग्रजी, ‘माय फादर वर्क्ड इन अ मिल फॉर ट्वेंटी-टू इयर्स.’ सिन्सऐवजी फॉर लिहिलं म्हणून मी खूश होतो. मराठीत ‘1960 पासून’ आणि ‘बावीस वर्षांपासून’ दोन्हीकडे ‘पासून’च, त्यामुळे वर्गात तिथेच सगळे घसरायचे.

सरांनी वही हातात घेतली, लाल पेन उघडलं आणि थांबले. हळूच विचारलं, ‘वडिलांनी नोकरी सोडली?’

‘नाही सर, संप आहे.’

‘मग वर्क्ड का लिहिलंस? नुसतं वर्क्ड, पुढे फॉर ट्वेंटी-टू इयर्स, म्हणजे बावीस वर्षं भरली आणि संपली. हॅज वर्क्ड म्हटलं तर ती बावीस वर्षं आजपर्यंत आलेली आहेत, उद्या तेविसावं लागेल.’

मी म्हणालो, ‘पण सर, ते आता कामावर जात नाहीत.’

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. व्याकरणाच्या तासाला सर गप्प झालेले मी तेवढेच पाहिले. मग त्यांनी वर्क्डच्या आधी हॅज लिहिलं, लाल नाही, निळ्या पेनाने, आणि म्हणाले, ‘संप मागे घेतलेला नाही. नाव हजेरीपटावर आहे. तोवर हॅज.’ संध्याकाळी ते वाक्य मी वडिलांना वाचून दाखवलं. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण अर्थ सांगितल्यावर त्यांनी वही मागून घेतली आणि त्या निळ्या शब्दावर बोट ठेवून कोणता तो, हे पाहून घेतलं.

तो संप कोणी रीतसर मागे घेतला नाही. त्यामुळे आमच्या घरात हॅज कोणत्या दिवशी गळून पडलं, हे आजही मला सांगता येणार नाही. दहावीला मी तेच वाक्य लिहिलं तेव्हा हॅज नव्हतं, आणि सरांनी दुरुस्त केलं नाही.

आज मी फोर्टमध्ये कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करतो. एका जुन्या चाळीतल्या भाडेकरूच्या प्रतिज्ञापत्रात होतं, ‘आम्ही या खोलीत 1964 पासून राहत आलो आहोत.’ दुसऱ्या कोणी आधी त्याचं ‘वी रिसाइडेड’ करून ठेवलं होतं. त्या एका शब्दाने म्हातारा स्वतःच्या खोलीतून कागदावर बाहेर पडला होता. मी ‘हॅव बीन रिसायडिंग सिन्स 1964’ केलं. वकिलांना एवढा काथ्याकूट कशाला असं वाटलं. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही, त्यांना सर नव्हते.

गेल्या महिन्यात शाळेत आलो होतो. आमच्या वर्गात आता पांढरा बोर्ड आहे आणि खडूचा वास नाही. मराठी माध्यमाची एकच तुकडी उरली आहे, असं शिपाईमामांनी सांगितलं. पोरं सफाईने इंग्रजी बोलत होती, त्याचं कौतुक वाटलं. पण त्यातला एक जण मित्राला म्हणाला, ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’, आणि मी जिन्यातच थांबलो.

संपादकांनी या लेखाचं इंग्रजी भाषांतरही मीच करावं असं सुचवलं आहे. सरांची ओळख करून देणाऱ्या वाक्याशीच अडलोय. ‘सरांनी मला तीन वर्षं शिकवलं आहे.’ हाताने हॅज टॉट लिहून गेलो. सर असते तर त्यांनी ते झाकलं असतं आणि विचारलं असतं, ‘कधी?’