तारकर्लीतलं एक कार्ड, दोन भाषा

तारकर्लीला गेलो होतो तो तीन दिवस लोळायला. कोकणकन्येनं सकाळी कुडाळला उतरलो, तिथून गाडी केली. आठ खोल्यांचं घरगुती हॉटेल, मागे माड, समोर सुरूचं बन आणि त्यापलीकडे समुद्र. मी भाषांतराचं काम करतो, हे दुपारच्या जेवणात बोलून गेलो आणि फसलो. संध्याकाळी मालकीणवहिनी खोलीतलं जुनं, लॅमिनेशन सुटलेलं माहितीपत्रक घेऊन आल्या. "येवढां लिवलेलां आसा, तरी लोक माकाच इचारतत!"

वाचलं आणि कारण कळलं. मराठीत लिहिलं होतं, 'चेक-आउट २४ तास.' त्याखाली इंग्रजीत, 'चेक-आउट ट्वेल्व्ह नून'. आदल्याच आठवड्यात दुपारी चारला आलेलं एक कुटुंब दुसऱ्या दिवशी चारपर्यंत खोली आपलीच म्हणून बसलं होतं. ते मराठी ओळीच्या बाजूनं बरोबर होते, वहिनी इंग्रजीच्या. शिवाय आमच्यासारखे रात्रीच्या गाडीनं येणारे सकाळीच दारात उभे, त्यांना खोली कुठून द्यायची?

मी विचारलं, एक खोली आवरायला किती वेळ लागतो? अर्धा तास. कामाला दोघीजणी, म्हणजे सगळ्या खोल्या एकदम रिकाम्या झाल्या तर दोन तास. म्हणून खोली सोडायची सकाळी दहाला आणि मिळायची दुपारी बाराला. मराठीत लिहिलं: 'आदल्या दिवशी कितीही वाजता आला असलात, तरी खोली सकाळी १० वाजता सोडायची आहे. सामान ओसरीवर ठेवून पुढेही थांबता येईल. लवकर पोचलात तर हातपाय धुवायला मागची न्हाणी उघडी आहे.' आधी मी 'खोली रिकामी करावी' लिहिलं होतं. वहिनी म्हणाल्या, ही तर भाडेकरूला दिलेली नोटीस वाटते. खरंच होतं ते. इंग्रजीत मात्र 'प्लीज चेक आउट बाय टेन' एवढं पुरतं, ते कुणाला लागत नाही. एका ओळीवरून दुसरी उतरवायची नाही, दोन्ही वेगवेगळ्या लिहायच्या, हे मला माझ्याच धंद्यात पुन्हा शिकावं लागलं.

जेवणाच्या वेळांचं भांडण वेगळंच होतं. 'दुपारचं जेवण १२.३० ते २.३०' हे सगळे वाचतात आणि साडेबाराला येऊन सुरमई मागतात. पण मासळी सकाळी बाजारातून येते, तीही सांगितली असेल तेवढीच. म्हणून वाढण्याच्या वेळेआधी सांगण्याची वेळ छापली: दुपारसाठी सकाळी नऊपर्यंत, रात्रीसाठी संध्याकाळी पाचपर्यंत. न सांगता आलात तर डाळभात, भाजी, सोलकढी मिळेल. नाश्त्याचे घावणे साडेनऊनंतर नाहीत, कारण तवा एकच आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला मागच्या बाजूवर. जुन्या पत्रकात नंबर होते, पत्ता नव्हता. मध्यरात्री कुणाच्या छातीत दुखलं आणि त्यानं 108 लावला, तर तिकडून पहिल्यांदा विचारतील, कुठे आहात? पुण्याचा माणूस काय सांगणार? हॉटेलचं नाव आणि 'बीचजवळ'. इथे सगळंच बीचजवळ आहे. म्हणून सगळ्यात वर ठळक, फोनवर जशाच्या तशा वाचून दाखवायच्या ओळी घातल्या: गाव, वाडी, मुख्य रस्त्यावरून कुठे वळायचं ती खूण, खोली क्रमांक. मग 108 रुग्णवाहिका, 112 पोलीस व इतर आणीबाणी, समुद्रात कुणी अडकलं तर तटरक्षक दलाचा 1554. त्याखाली मालवणचं ग्रामीण रुग्णालय आणि ओरोसचं जिल्हा रुग्णालय.

मराठी बाजूला मी हौसेनं देवनागरी आकडे घातले होते. शेजारच्या खोलीतल्या इंग्रजी माध्यमातल्या मुलीला वाचायला दिलं. तिनं १०८ मधल्या १ ला 'नाइन' म्हटलं! वेळा देवनागरीत चालतील, चुकल्या तर घावणे हुकतील. फोन नंबर मात्र दोन्ही बाजूंना, मोबाइलच्या बटणांवर असतात त्याच आकड्यांत.

छापण्याआधी स्थानिक नंबर एकेक करून लावून पाहिले. 108 आणि 112 सोडून, ते उगाच गुंतवायचे नसतात. जुन्या यादीतल्या खासगी डॉक्टरांचा फोन बंद होता. रात्री गाडी काढणाऱ्याचा लागला, पण त्यानं गाडी कधीच विकली होती. नवा गडी मिळाला, तोही गणपतीनंतर मुंबईला जाणार म्हणे. तेव्हा ती एक ओळ छापलीच नाही. तिथे कोरी जागा सोडून वहिनींनी आठही कार्डांवर त्याचा नंबर पेन्सिलीनं लिहिला.